धावफलकाचे वाचन (मर्यादित षटकांचा सामना)

धावफलकाचे वाचन : क्रिकेट सामन्याच्या एखाद्या क्षणी मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांवरून कोणता संघ जिंकण्याच्या स्थितीत आहे, हे ओळखण्याची रीत. माळशिरस तालुक्यातील एखाद्या गावात व्हॉट्सॲपवर आलेला फलकाचा स्क्रीनशॉट पाहून नवखा प्रेक्षक ‘कोण जिंकतंय?’ असे विचारतो, तेव्हा पहिल्यांदा एवढेच पाहावे लागते, की त्या चित्रात ‘लक्ष्य’ दिलेले आहे किंवा नाही. लक्ष्य म्हणजे पहिल्या संघाच्या धावांहून एक धाव अधिक असा, दुसऱ्या संघाने गाठायचा आकडा. तो दिसत नसेल, तर बहुधा पहिला डाव चालू असतो आणि त्या वेळी धावा कितीही झालेल्या असल्या, तरी तुलनेला दुसरी बाजू नसल्यामुळे कोणी जिंकत आहे असे म्हणता येत नाही.

२ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना या वाचनासाठी चांगला नमुना आहे. श्रीलंकेने ५० षटकांत ६ बाद २७४ धावा केल्यामुळे भारतापुढे २७५ धावांचे लक्ष्य होते. गौतम गंभीर ९७ धावांवर बाद झाला, त्या क्षणाचा फलक आजच्या पद्धतीने असा दिसेल :

```
IND 223/4 (41.2)  Target 275
CRR 5.40  RRR 6.00
```

तिरक्या रेघेच्या डावीकडे धावा आणि उजवीकडे बाद झालेले फलंदाज असतात. ऑस्ट्रेलियात मात्र हा क्रम उलटा लिहिला जातो. कंसातील आकडा टाकलेल्या षटकांचा असून नवख्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो, कारण त्यातील टिंब दशांशचिन्ह नव्हे. एका षटकात सहा वैध चेंडू असल्यामुळे ‘४१.२’ म्हणजे ४१ षटके आणि वर दोन चेंडू, म्हणजे एकूण २४८ चेंडू होतात आणि टिंबानंतर पाचपुढचा आकडा येतच नाही. या समजुतीशिवाय ५० मधून ४१.२ वजा केल्यास उत्तर ८.८ येते, जे षटकांच्या भाषेत निरर्थक आहे. प्रत्यक्षात ८ षटके आणि ४ चेंडू, म्हणजे ५२ चेंडू शिल्लक होते. भारताला २७५ वजा २२३, म्हणजे ५२ धावाच हव्या होत्या. ‘५२ चेंडूंत ५२ धावा’ हे वाक्य मिळाले, की फलक निम्म्याहून अधिक वाचून झाला असे समजावे.

फलकावरील `CRR` ही चालू धावगती, म्हणजे आतापर्यंत एका षटकामागे झालेल्या सरासरी धावा, तर `RRR` ही आवश्यक धावगती, म्हणजे उरलेल्या प्रत्येक षटकात सरासरी कराव्या लागणाऱ्या धावा होत. येथे पहिली ५.४० आणि दुसरी ६.०० आहे, म्हणून भारत मागे होता असे वाटणे साहजिक आहे. परंतु धावगती हे केवळ सरासरीचे गणित असून ते पुढे खेळू शकणाऱ्या फलंदाजांचा हिशोब धरत नाही. विराट कोहली २१.४ षटकांत संघाच्या ११४ धावा असताना तिसरा बाद झाला, तेव्हा आवश्यक धावगती ५.६८ होती. पुढे गंभीर आणि महेंद्रसिंग धोनी यांनी १०९ धावांची भागीदारी केली, तरी ही गती उतरण्याऐवजी ६.०० पर्यंत चढली. तरीसुद्धा भारताची बाजू तेव्हापेक्षा भक्कम झाली होती, कारण त्या १९ षटके ४ चेंडूंत एकच गडी गमावला होता, सहा गडी हाताशी होते आणि चेंडूमागे एक धाव ही मागणी जम बसलेल्या फलंदाजाच्या आवाक्यातली होती. याच ५२ धावांसाठी शेवटची जोडी मैदानात असती, तर तेच दोन आकडे श्रीलंकेच्या बाजूने वाचावे लागले असते. म्हणून उरलेल्या धावा, उरलेले चेंडू आणि हातातले गडी यांचा निवाडा एकत्रच करावा लागतो. भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ धावा करून सहा गडी व दहा चेंडू राखून सामना जिंकला. ११ चेंडूंत ४ धावा हव्या असताना धोनीने षटकार मारल्याने धावसंख्या लक्ष्याच्याही दोनने पुढे गेली.

षटकांची संख्या बदलली, तरी रीत तीच राहते. गावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेतील ८ षटकांच्या सामन्यात हिशोब ३०० ऐवजी ४८ चेंडूंचा करावा. पावसाने खेळ थांबल्यास मात्र धावगतीवरून निर्णय होत नाही : तेथे डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने, उरलेली षटके आणि गडी दोन्ही विचारात घेऊन, त्या क्षणाची बरोबरीची धावसंख्या काढली जाते आणि संघ तिच्या पुढे आहे की मागे, एवढेच पाहिले जाते. गुणतक्त्यातील निव्वळ धावगतीही वेगळी असून ती संपूर्ण स्पर्धेची असते. चालू सामन्यातील सरशी तिच्यावरून कळत नाही. शिवाय स्क्रीनशॉट हा थांबलेला क्षण असल्यामुळे तो केव्हा घेतला, हेही पाहावे लागते, कारण चित्र हाती पडेपर्यंत एखादे षटक उलटून दोन गडीही बाद झालेले असू शकतात.