फसवा फोन आणि घरगुती तपशील

ओळखीचा, पोलिसांचा किंवा बँकेचा माणूस असल्याचे भासवून फोनवर पैसे उकळणाऱ्याला लागणारी, समाजमाध्यमांवर आपणच लिहून ठेवलेली माहिती. ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीबद्दल पंतप्रधान नरेंद्र मोदी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये बोलले, तेव्हा त्यांनी या फोनचे तीन डाव सांगितले: आधी व्यक्तिगत माहिती, मग भीती, मग वेळेचा दबाव. गेल्या महिन्यात तुम्ही गोव्याला गेला होता ना, मुलगी दिल्लीत शिकते ना, अशी सुरुवात होते हे त्यांचे उदाहरण होते. या नोंदीत पहिल्या डावाचा, तोही गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागातल्या घरांच्या अंगाने, विचार केला आहे.

निव्वळ नाव आणि पत्ता यांनी फारसे काही साधत नाही. मतदारयादीत नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि घर क्रमांक असतोच. पण यादी शिळी असते. मुलगा काल पुण्याला परतला, आईचे ऑपरेशन गुरुवारी आहे, म्हाडाचे घर लागले, ही आजची बातमी यादीत नसते. फोनवरचा माणूस आजची बातमी सांगतो म्हणून तो घरातलाच वाटतो. त्यामुळे तपशील किती खाजगी आहे यापेक्षा तो किती ताजा आहे आणि फोन नंबराशी जोडता येतो का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

नंबरावरून नाव काढणे अवघड नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये नंबर टाकला की बँकेत नोंदलेले नाव दिसते, व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो. पुढचे काम मराठी नावाची रचनाच करते. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, त्यामुळे पूर्ण नाव कळले की घरातला आणखी एक माणूस कळला. अनेक स्त्रिया शाळेतल्या मैत्रिणींनी ओळखावे म्हणून फेसबुकवर माहेरचे आडनावही लावतात. आता आईचे माहेरचे आडनाव हा खाते उघडताना विचारला जाणारा जुना सुरक्षा-प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुलाच्या बँकेलाच नव्हे, आईच्या प्रोफाइलवर कोणालाही मिळते.

याहून भरलेला कागद म्हणजे लग्नाचा बायोडेटा. जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, कंपनी, पगार, भावंडांचे ठिकाण, मामाचे आडनाव आणि खाली संपर्कासाठी वडिलांचा नंबर. हे सगळे एका पानावर, वधू-वर ग्रुपांतून शेकडो अनोळखी फोनांत पोहोचते. लग्न जमले तरी तो कागद परत येत नाही. पहिल्या फेरीत शिक्षण, उंची, गाव एवढे पुरते. जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष चालते. पत्रिका द्यायची आणि पगार सांगायचा तो प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर. जन्मवेळेवाचून पहिला फोनच येत नाही असे म्हणणारे असतात, त्यांनी तो आग्रह आपल्या घरी ठेवावा.

परळमध्ये दुसराच कागद फिरतो. टाटा मेमोरियल, केईएम, वाडिया या रुग्णालयांमुळे ‘रक्त हवे आहे’ अशी आवाहने इथल्या ग्रुपांवर नेहमी येतात: रुग्णाचे नाव, वय, रक्तगट, वॉर्ड, नातेवाइकाचा नंबर. काहीच न लिहून चालत नाही, कारण दात्याला पोहोचायचे असते. पण याच पाच गोष्टींवर ‘रक्तपेढीतून बोलतोय, आधी अनामत भरा’ किंवा ‘दाता आहे, ठाण्याहून निघालोय, गाडीभाडे पाठवा’ असा फोन बेतता येतो, आणि उचलणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. रुग्णाचे पूर्ण नाव आणि आजार लिहिण्याची गरज नसते. गट, रुग्णालय, रक्तपेढीची वेळ आणि एक नंबर पुरे. रक्त मिळाले की मूळ संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ करावा; त्याची मुदत संपली असेल तर ‘गरज पूर्ण झाली’ असे त्याच ग्रुपवर लिहावे. पुढे पाठवलेल्या प्रती मात्र फिरतच राहतात. म्हणून पैशाची मागणी आली की फोन ठेवून स्वतः रक्तपेढीच्या खिडकीवर विचारणे, हाच उपाय.

निधनाची पोस्टही तशीच. त्यात वय, कुठून निवृत्त झाले, मागे कोण कोण आहे आणि दशक्रिया कधी, हे सगळे असते. विम्याचा बोनस अडकला आहे असे सांगणाऱ्याला विधवा बाईचे नाव आणि नवऱ्याची नोकरी एकाच वेळी मिळते. दशक्रियेची तारीख, वेळ कळवायची असेल तर नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवावी. फेसबुकच्या भिंतीवर नुसती निधनवार्ता पुरते.

हे फोन कसे बांधले जातात ते पाहण्यासाठी लालबागच्या एखाद्या चाळीतली निवृत्त शिक्षिका डोळ्यांसमोर आणू. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला. तिने जूनमध्ये त्याचा कॉलेजच्या फाटकासमोरचा फोटो टाकला, खाली भावाने ‘मामाकडून शाबासकी’ लिहिले. ऑगस्टमध्ये चाळीच्या मंडळाच्या वर्गणीच्या पोस्टवर खजिनदार म्हणून तिचा नंबर आला. मग एका दुपारी व्हॉट्सॲपवर खाकी गणवेशाचा फोटो लावलेला फोन: ‘बाई, तुमचा मुलगा पुण्यात आमच्या ताब्यात आहे. मित्रांबरोबर पकडलाय.’ मागे कोणीतरी रडत ‘आई’ म्हणते. वीस मिनिटांत पन्नास हजार, नाहीतर गुन्हा दाखल. तोवर कोणाशी बोलायचे नाही. मुलगा, त्याचे कॉलेज आणि मामा हे पोस्टमधून कळले. नंबर मंडळाच्या पोस्टवरून. खाकी फोटो कोणीही लावतो. रडणे दोन शब्दांपुढे जात नाही, कारण मुलाचा आवाज पलीकडे नाही.

अशा फोनला उघडे पाडते ते पोस्टमध्ये कधीच न आलेले काहीतरी. मुलाला घरी कोणत्या लाडाच्या नावाने हाक मारतात, हे विचारले की बोलणारा ‘वेळ नाही’ म्हणून ओरडतो. त्यासाठी घरात एक खूणशब्द ठरवून ठेवावा, आणि तो कुठल्याही ग्रुपवर लिहू नये. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर करावा. तो उचलत नसेल तर मित्राला किंवा वसतिगृहाला. कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकार नाही आणि पोलीस सुटकेसाठी यूपीआयवर पैसे मागत नाहीत.

फेसबुकवर ‘Who can see your friends list?’ या सेटिंगमध्ये ‘Only me’ निवडले की नातेवाइकांची साखळी सहज दिसत नाही. ‘Limit past posts’ ने जुन्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. फोन नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकतो, हेही तिथेच बदलता येते. व्हॉट्सॲपवर Privacy मध्ये फोटो ‘My contacts’ वर ठेवावा आणि ग्रुपमध्ये कोणी घालावे तेही. मंडळाच्या वर्गणीसाठी वेगळा नंबर असावा. तो ज्येष्ठ सभासदाच्या घरचा तर नसावाच.

हे सारे केले तरी चुलत बहिणीने टॅग केलेला वाढदिवसाचा फोटो तिच्या भिंतीवर उघडा राहतो. म्हणून सेटिंग हा अर्धाच उपाय. पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम खात्यातून पुढे सरकायच्या आत थांबवता आली तरच ती परत मिळण्याची आशा राहते. पैसे गेले नसले तरी संशयास्पद नंबर sancharsaathi.gov.in वरील ‘चक्षू’मध्ये कळवता येतो.