दोन तपासण्यांमधले सहा तास

1959 साली पॅरिसमध्ये मोलारे आणि गुलाँ या डॉक्टरांनी काही विलक्षण रुग्णांची नोंद केली. व्हेंटिलेटरमुळे त्यांचं हृदय चालू होतं, पण मेंदूचं कोणतंच काम उरलं नव्हतं. या अवस्थेला त्यांनी ‘बेशुद्धीच्याही पलीकडची’ असं नाव दिलं. मृत्यू म्हटलं नाही. ते धाडस 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने केलं, आणि चूक होऊ नये म्हणून 24 तासांनी पुन्हा तपासायला सांगितलं. 1971 मध्ये मिनेसोटाच्या मोहनदास आणि चाऊ यांनी हे अंतर 12 तासांवर आणलं. मेंदूचा आलेख सक्तीचा नाही, मस्तिष्क स्तंभ कायमचा निकामी झालाय का हे पाहणं पुरेसं, असं त्यांचं म्हणणं. 1976 मध्ये ब्रिटनने हीच वाट धरली आणि भारताच्या 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानेही. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. आपल्या नियमांत अंतर आहे साधारण सहा तासांचं.

हे तास वाया घालवलेले नसतात. अंग थंड पडलं असेल किंवा झोपेच्या औषधाचा अंमल असेल, तर जिवंत माणूसही मेंदूमृत भासू शकतो. म्हणून आधी ती कारणं दूर करतात, मगच तपासणी होते. समजा, अपघातातल्या तरुणाची पहिली तपासणी रात्री दहाला झाली. बाहुल्या प्रकाशाला हलत नाहीत, घशात नळी हलवली तरी खोकला येत नाही. शेवटी भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे पाहत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60च्या वर गेला तरी छाती हलली नाही, तर श्वासकेंद्र संपलं. पहाटे चारला हेच सगळं पुन्हा. मेंदूमृत्यूच्या दाखल्यावर सही करणाऱ्या चार डॉक्टरांत प्रत्यारोपण करणारा एकही नसतो, आणि ही अट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

मधल्या वेळात समन्वयक घरच्यांशी अवयवदानाबद्दल बोलतो. तरुणाच्या खिशात दात्याचं कार्ड असलं तरी आई-वडील किंवा पत्नी यांच्या सहीशिवाय प्रत्यक्षात कुणी पुढे जात नाही. छाती वरखाली होताना दिसत असते, अंग उबदार असतं. ‘गेला’ हे त्यांना पटायला वेळ लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

होकार आला की किडनी रक्तगटाच्या यादीकडे वळते. राष्ट्रीय निकषांत डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण आहे. समजा, एकाचे 58 महिने झालेत, दुसरीचे 54. पण दुसरीने पूर्वी स्वतःची किडनी कुणाला तरी दिलेली, म्हणून पाच जादा गुण. 59 गुणांनी तिला बोलावणं जातं. मग तिचं रक्तद्रव दात्याच्या पेशींशी जुळवून पाहतात. तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं त्या पेशींवर तुटून पडली, तर किडनी 58 महिने थांबलेल्याकडे जाते.