डाएट करताना थकवा, केस गळणं आणि थंडी वाजणं: कधी साहजिक, कधी कमी खाण्याची खूण?

एप्रिलमध्ये बारामतीचा पारा चाळिशीकडे सरकतो. अशा दिवसांत कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात घरातल्या एकाच बाईला पहाटे गोधडी लागत असेल, जिना चढताना दम लागत असेल आणि फणीत केसांचा पुंजका येत असेल, तर पहिला संशय बोअरच्या क्षारपाण्यावर जातो किंवा शाम्पूवर. पण तिने संक्रांतीनंतर डाएट सुरू केलं असेल, तर आधी जानेवारीपासूनचं ताट तपासायला हवं.

याचं कारण केसांच्या वेळापत्रकात आहे. शरीराला अन्न कमी पडलं की बरेच केस वाढ थांबवून एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. मात्र ते गळतात साधारण दोन ते तीन महिन्यांनी. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. म्हणजे एप्रिलमध्ये गळणारा केस जानेवारी-फेब्रुवारीतल्या जेवणाची हकीकत सांगत असतो. रोज ५० ते १०० केस गळणं सर्वांचंच चालू असतं. डाएटनंतरची गळती डोकंभर सारखी होते. एकाच जागी चकती पडली असेल किंवा फक्त भांग रुंद होत असेल, तर कारण वेगळं असू शकतं.

थकव्याचं गणित वेगळं आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीरातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी कमी होतं. वजन झटकन उतरतं, अंग जड वाटतं, थोडं चिडचिडंही व्हायला होतं. हे साहजिक आहे आणि हळूहळू ओसरतं. तीन-चार आठवड्यांनंतरही थकवा वाढतच असेल, पूर्वी सहज होणारी कामं जमेनाशी झाली असतील, तर ते ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नये.

थंडीचंही तसंच. चरबी घटल्यावर थोडं गार वाटतं. पण बाकीच्यांना घाम फुटलेला असताना हातपाय थंडगार पडत असतील, तर शरीराने काटकसर सुरू केलेली असू शकते. अन्न कमी आलं की थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक घटतं, नाडी मंदावते आणि उष्णता कमी तयार होते. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सरासरी १,६०० कॅलरींच्या आसपास जेवण दिलं होतं. त्यांनाही भर उन्हाळ्यात थंडी वाजायची, केस विरळ झाले आणि मनात सतत खाण्याचेच विचार राहिले. त्यांना बरंच चालावं लागायचं, हेही खरं. पण आकडा पाहा: आज अनेक डाएट चार्ट याहून कमी देतात.

आता हिशेब करून पाहू. समजा वय ३२, उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ६० किलो. नुसतं पडून राहिलं तरी या शरीराला सुमारे १,२५० कॅलरी लागतात. घरकाम आणि चालणं धरून १,९०० च्या आसपास. ताटात मात्र दोन्ही वेळा एक ज्वारीची भाकरी, बिनतेलाची पालेभाजी आणि वाटीभर पातळ वरण, वर दोन कप बिनसाखरेचा चहा. हे सगळं मिळून जेमतेम ७०० कॅलरी होतात. प्रथिनं २५ ग्रॅम. गरज सुमारे ५० ग्रॅमची. हे डाएट नाही, अर्धपोटी राहणं आहे.

दोन्ही वेळा आणखी एक भाकरी, वरण घट्ट, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही वाढवलं, तर आकडा १,४०० च्या पुढे जातो आणि प्रथिनंही भरून निघतात. वजन तरीही उतरेल, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर. केस मात्र लगेच थांबणार नाहीत. गळती ओसरायला काही महिने आणि दाटपणा परतायला सहा महिने ते वर्ष लागतं, कारण केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो. या काळात महागडं तेल विकत घेण्यात फारसा अर्थ नाही.

तरीही सगळा दोष डाएटला देऊन चालत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळते, आणि थकवा, थंडी व केसगळती तिच्यातही होते, थायरॉइडच्या आजारातही. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि टीएसएच तपासून घ्यावं. एक मेख आहे: कमी खाण्यामुळे टी-३ घटलेलं असलं तरी टीएसएच बहुधा नॉर्मलच येतं. रिपोर्ट चांगला आला म्हणजे जेवण पुरेसं आहे, असं ठरत नाही.

सलग तीन पाळ्या चुकणं (गरोदरपण नसताना), उठताना डोळ्यांपुढे अंधारी, शांत बसल्यावर नाडी ५० च्या खाली, पायांवर सूज किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही असेल तर डाएट थांबवून डॉक्टरांकडे जावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर जेवण कमी करण्याआधीच डोसबद्दल विचारावं. तेच औषध आणि निम्मं जेवण असं झालं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.