नर्सिंग स्टाफचे संसर्ग नियंत्रण प्रशिक्षण : प्रमाणपत्र आणि ऑडिटमधील तपासणी

रुग्णालयाच्या भिंतीवर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे लावलेली दिसली की नातेवाईकांना दिलासा वाटतो. पण प्रमाणपत्रावरून एवढेच कळते की ती सिस्टर त्या दिवशी प्रशिक्षणाला हजर होती. आज वॉर्डात ती हात नीट धुते का, हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच ऑडिट कागदापाशी थांबत नाही.

बीडच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांसाठी एनक्यूएएस आणि कायाकल्प ही मूल्यांकने असतात. खाजगी रुग्णालये बहुधा एनएबीएचकडे अर्ज करतात. एनक्यूएएसमध्ये पडताळणीचे चार मार्ग आहेत : प्रत्यक्ष पाहणी, कर्मचाऱ्यांशी बोलणे, नोंदी तपासणे आणि रुग्णांना विचारणे. प्रत्येक मुद्द्याला पूर्ण पालन असल्यास २, अर्धवट असल्यास १, नसल्यास ० गुण मिळतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, तपासणीस प्रसूती वॉर्डात आले. ते ड्युटी चार्टवरून तीन सिस्टरांची नावे निवडतात आणि प्रशिक्षण रजिस्टर मागतात. त्यात तारीख, विषय, शिकवणाऱ्याचे नाव, हजेरीच्या सह्या आणि प्रशिक्षणाआधीच्या व नंतरच्या चाचणीचे गुण पाहिले जातात. दोघींची नोंद सापडते. तिसरी गेल्या महिन्यात कंत्राटावर रुजू झाली. तिचे प्रशिक्षण झालेलेच नाही. ही त्रुटी नेहमी आढळते, कारण वर्षातून एकदा प्रशिक्षण घेतले की मध्येच आलेले कर्मचारी सुटतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे.

मग नोंद असलेल्या सिस्टरला हात धुऊन दाखवायला सांगतात. साबण-पाण्याने त्याला ४० ते ६० सेकंद लागतात. घाईत अंगठे आणि बोटांची टोके राहून जातात. पुढचा प्रश्न : वापरलेली सुई बोटाला टोचली तर काय कराल? जागा साबण-पाण्याने धुणे, लगेच कळवणे आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची गरज असल्यास शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत ते सुरू करणे, हे तिला सांगता यायला हवे. रजिस्टर पूर्ण आहे, पण उत्तर येत नाही, तर प्रशिक्षण कागदावरच राहिले असे समजतात.

तपासणीस आपल्यालाही विचारू शकतात : सलाईन लावण्याआधी सिस्टरने हात स्वच्छ केले होते का? जे पाहिले तेच सांगा. सिस्टरांना त्रास होईल म्हणून खोटे 'हो' म्हटले, तर हँडरबची रिकामी बाटली रिकामीच राहते.

मानांकन मिळाले म्हणून संसर्ग होणारच नाही, असे नाही. टाके लाल झाले, पू आला किंवा सुईची जागा सुजली, तर लगेच सिस्टर किंवा डॉक्टरांना दाखवा.