फोटोतला नॉइज कोणत्या प्रकारचा? सपाट तुकड्याचा हिस्टोग्राम सांगतो

पुण्याच्या ‘आयुका’ची आंबेगाव तालुक्यात गिरवलीला २ मीटरची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींचे कॅमेरे तपासताना सगळीकडे सारखाच उजळलेला फोटो घेतात. दृश्यात काहीच नसतं, तरी पिक्सेलचे आकडे थोडे वर-खाली होतात. तोच नॉइज.

त्यातला छोटा तुकडा घेऊन हिस्टोग्राम काढायचा. काळ्या आणि पांढऱ्या टोकाला सुटे खांब दिसले, तर तो ‘सॉल्ट अँड पेपर’. घंटेसारखा आकार आला, तर गाऊशियन? थांबा. भरपूर प्रकाशात पॉयसन नॉइजही तसाच दिसतो.

मग बघायचा व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. समजा, रॉ फोटोतून काळी पातळी वजा केल्यावर अंधुक तुकड्याची सरासरी २०० आणि व्हेरियन्स १०० आला; उजळ तुकड्यात ८०० आणि ४००. प्रकाश चौपट, व्हेरियन्सही चौपट, म्हणजे हा प्रकाशकणांचा पॉयसन नॉइज. दोन्हीकडे १००च राहिला असता, तर साधं गाऊशियन मॉडेल पुरलं असतं.

तुकड्यावर फिकी सावली असेल, तर व्हेरियन्स उगाच फुगतो. अशा वेळी तोच फोटो दोनदा काढून वजाबाकी करतात आणि आलेला व्हेरियन्स निम्मा करतात. मोबाइलच्या जेपीईजीवर मात्र हा हिशोब चालत नाही. फोनने बराच नॉइज आधीच पुसलेला असतो.