भाव एक, पट्टी दुसरी

हिंगोली-वसमतकडच्या शेतकरी घरात वाढलेल्यांना 'पट्टी' म्हणजे काय ते सांगायला नको. माल विकला की अडत्याकडून मिळणारा हिशोबाचा कागद. वर लिलावात ठरलेला भाव, खाली वजावटी आणि शेवटी हातात येणारी रक्कम. भाव सगळ्या गावाला सांगायचा असतो, शेवटचा आकडा फक्त घरात.

मोबाइलवर सामान मागवताना पैसे भरायच्या आधी जे बिल उघडतं, ते मला या पट्टीचंच उलटं रूप वाटतं. तिथे विकणाऱ्याचे पैसे कापले जायचे, इथे घेणाऱ्याचे वाढतात. हाताळणी शुल्क, पॅकिंग, लहान खरेदीचं शुल्क, घरपोच आणण्याचे पैसे... नावं नवी, पद्धत ओळखीची.

जुन्या बाजारात अडत, हमाली, तोलाई ही कामाची वजावट होती. कुणीतरी पोती उतरवायचं, कुणीतरी तोलायचं. पण त्यांच्या मागून धर्मादाय, गोशाळा अशी खाती यायची, आणि 'नमुना' म्हणून मूठमूठ माल जायचा तो वेगळाच. शेतकऱ्याला हे कळायचं माल उतरवून झाल्यावर. तेव्हा बैलगाडी परत फिरवणं परवडायचं नाही, आणि अशा वजावटी टिकण्याचं खरं कारण तेच!

यावर पहिला लगाम आपल्या शेजारीच बसला. वऱ्हाडातलं कारंजा (आज वाशीम जिल्ह्यात) हा १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार मानला जातो, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा १९३० साली आला. या सगळ्यामागचा विचार साधा होता: कोणता आकार घ्यायचा ते आधी ठरवा, त्याबाहेरचं काही कापू नका.

आता दुकानाच्या बाजूने बघू. १९९० पूर्वी पाकिटावर किंमत आणि पुढे 'स्थानिक कर वेगळे' असं छापता यायचं. त्या वर्षी नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. गिऱ्हाइकाची मोठी सोय झाली, पण ही किंमत एका पाकिटाची असते. घरी आणून देण्याचा खर्च मात्र पाकिटामागे नसून फेरीमागे असतो. गोदामात सामान गोळा करणारा मुलगा, पिशवी, दुचाकीवरची फेरी, हे सगळं ७० रुपयांच्या मालाला लागतं तेवढंच ३५० च्या मालाला लागतं. पाकीट छापील किमतीवर विकता येत नाही, म्हणून तो खर्च वेगळ्या ओळीत जातो.

समजा, पुण्यातल्या भाच्याने २०० ग्रॅम हळद मागवली. (हळदीच्या जिल्ह्यात आजोळ असून! असो.) यादीत किंमत ७०. हाताळणी १०, लहान खरेदीचे २०, घरपोच २५, असे ५५ रुपये. या ५५ वर १८ टक्के जीएसटी ९.९० रुपये. एकूण १३४.९०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तोच भाचा महिन्याचा किराणा मिळून ३५० चं सामान घेतो, तेव्हा २० आणि २५ माफ होतात आणि बिल येतं ३६१.८० रुपये.

यातलं लहान खरेदीचं शुल्क मला समजू शकतं. ते खरेदी वाढली की जातं, म्हणजे हमालीसारखं कामाशी बांधलेलं आहे. हाताळणीचे १० रुपये मात्र दोन्ही वेळा तसेच राहिले. प्रत्येकाकडून, प्रत्येक वेळी घ्यायची रक्कम यादीतल्या किमतीत का नसते? कारण यादीत दोन दुकानं शेजारी दिसतात आणि ७० चा आकडा ८० पेक्षा आधी निवडला जातो. जेवण घरपोच देणाऱ्या झोमॅटो आणि स्विगीने असं शुल्क २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू केलं. २०२५ पर्यंत दोन्हीकडे ते १० रुपयांच्या वर गेलं होतं.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. किमतीचे घटक आधी न सांगता थेंबाथेंबाने पुढे आणणं त्यात अनुचित ठरवलं आहे. पण शुल्क किती असावं, यावर त्यात मर्यादा नाही. आधी स्पष्ट सांगितलं तर १० चे १५ करायला ती तत्त्वं आड येत नाहीत. अन् 'आधी' म्हणजे हळदीच्या चित्राखाली की शेवटच्या बटणाच्या वर, यावरच सगळी ओढाताण आहे.

बिलात 'तपशील पाहा' असं बारीक अक्षरात असतं, तिथे बोट ठेवलं की पूर्ण पट्टी उघडते. भाच्याला मी एवढंच सांगितलंय की तिथली प्रत्येक ओळ पाहायची, आणि सामान वाढवल्यावर कोणती ओळ हलत नाही ते बघायचं. हळदीचं म्हणशील, तर ती पुढच्या खेपेला येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते.