यादीतला धोका आणि यादीबाहेरचा धोका



घराचा विमा दोन रीतींनी लिहिला जातो. पहिल्या रीतीत कोणकोणत्या संकटांची भरपाई मिळेल त्यांची नावे दिलेली असतात. जे नाव यादीत नाही, त्याचे पैसे नाहीत. दुसऱ्या रीतीला ‘सर्व-धोका’ म्हणतात. तिच्यात सगळेच नुकसान धरलेले असते; मात्र मागच्या पानांवर वगळलेल्या गोष्टींची यादी असते. पहिलीत आपले नुकसान यादीतल्या संकटानेच झाले, हे घरमालकाला दाखवावे लागते. दुसरीत नुकसान झाल्याचे दाखवले की पुरे. ते अपवादात बसते हे सिद्ध करणे कंपनीकडे येते. हा फरक किती मोलाचा आणि तो कोठे संपतो, हे इतिहासातल्या दोन प्रसंगांवरून नीट कळते.

18 एप्रिल 1906 रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहरात भूकंप झाला. पाण्याचे नळ जमिनीखाली फुटले, आगी लागल्या आणि तीन दिवसांत अठ्ठावीस हजारांवर इमारती गेल्या. लोकांजवळ विमा होता तो आगीचा. भूकंपाचे नाव त्यात नव्हते. शिवाय पुष्कळ पॉलिसींत एक कलम असे होते की, इमारत आगीवाचून अन्य कारणाने पडली, तर त्या क्षणी विमा संपला. मग तिचे ढिगारे पुढे जळाले तरी भरपाई नाही. म्हणजे सारा प्रश्न आधी काय झाले एवढ्यावर येऊन ठेपला : घर पडून जळाले, की उभे असताना जळाले? राखेच्या ढिगाऱ्यात याचा पुरावा कोण देणार? काही लोक आपली मोडलेली घरे स्वतःच पेटवीत होते, अशी एका लष्करी अधिकाऱ्याची त्या वेळची नोंद आहे. जळले तरच पैसे मिळतील, अशी त्यांची समजूत होती. काही कंपन्यांनी पूर्ण रक्कम दिली. लंडनच्या लॉइड्समधील कथबर्ट हीथ यांनी तर कलमांकडे न पाहता आपल्या सर्व विमेदारांचे पैसे चुकते करण्यास कळवले. इतरांनी मात्र डॉलरमागे पंचाहत्तर सेंटवर तडजोड केली, आणि काहींनी हात वर केले.

1950 साली अमेरिकेत आग, चोरी, वादळ यांचा एकत्र असा घराचा विमा निघाला. पुढे इमारतीपुरता त्याचा ‘सर्व-धोका’ प्रकार रूढ झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा वाद आता मिटला, असे कोणालाही वाटावे. पण अपवादांच्या यादीत भूकंप आणि पूर हीच दोन नावे जाऊन बसली. याला कारण आहे. आग एका वेळी बहुधा एकच घर जाळते. हजार घरांच्या हप्त्यांतून ती भरून निघते. भूकंप हजारही घरे एकदम पाडतो. आणि पुराचा विमा नदीकाठचेच लोक मागतात. म्हणून तेथे पुरासाठी 1968 साली सरकारलाच वेगळी योजना काढावी लागली. वादळाचा वारा मात्र घराच्या विम्यात राहिला.

येथेच नवा वाद दडलेला होता. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅट्रिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. मिसिसिपीतील पॅस्कागूला गावी एका घरात समुद्राचे पाणी शिरले. वाऱ्याने छप्पर थोडे मोडले होते. मालकाने पुराचा वेगळा विमा घेतला नव्हता. एजंटानेच गरज नाही म्हणून सांगितले, असे त्याचे म्हणणे होते. एकूण नुकसान एक लाख तीस हजार डॉलरांच्या वर. कंपनीने वाऱ्याचे म्हणून सुमारे 1,660 डॉलर दिले. खटला झाला, न्यायालयाने आणखी सुमारे 1,230 डॉलर देवविले. 2007 साली वरच्या न्यायालयाने कंपनीचे एक कलम मान्य केले. त्याचा भावार्थ असा : वारा आणि पाणी या दोहोंनी मिळून नुकसान केले, तर ते पाण्याचेच समजावे. पाणी आले ते वाऱ्याने ढकलले म्हणून. पण त्याला पॉलिसीत नाव पूर असेच होते, आणि एजंटाच्या तोंडी शब्दाने पॉलिसीचे कलम बदलत नाही.

आता आपल्याकडे पाहा. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. ती पहिल्या रीतीची, म्हणजे नावे देणारी आहे. तरी तिच्या यादीत भूकंप आहे, वादळ आहे, पूर आहे, दरड कोसळणे आहे. ज्या दोन गोष्टी अमेरिकेतील ‘सर्व’ या शब्दातून गळल्या, त्या येथे साध्या यादीत आहेत. पॉलिसीच्या नावावरून तिचा आवाका कळत नाही, तो असा.

मी आयुष्यभर करार वाचत आलो. करारात पहिल्या पानावर काय दिले आहे ते दिसते, आणि काय काढून घेतले आहे ते शेवटच्या पानांवर. विम्याचा कागद हाती आला की चार शब्द शोधावेत : भूकंप, पूर, वादळ, दरड. ते देण्याच्या यादीत आहेत की वगळण्याच्या, हे पाहावे. आणि एकाच वेळी दोन कारणे घडली तर काय, याचे कलम असले तर ते दोनदा वाचावे. सॅन फ्रान्सिस्कोत आणि पॅस्कागूलात माणसे अडली ती त्याच जागी.